आमच्या घरची दहावी आणि इंगोले मॅडम

इंगोले मॅडमची आणि माझी पहिली ओळख वाशीमहून अनसिंगला येणाऱ्या एसटीत झाली. मी भुईमुगाच्या शेंगा खात होते. शेजारी एक बाई बसल्या होत्या, साधी सुती साडी, मांडीवर पिशवी. आपण एकट्यानं खावं हे मला जमत नाही, म्हणून मूठभर शेंगा त्यांच्या हातावर ठेवल्या. मग बोलणं निघालं. मी म्हटलं, "आमच्या शाळेत नवीन मोठ्या मॅडम आल्या म्हणते. लय कडक हायेत म्हणते बाई." त्या शेंगा फोडत म्हणाल्या, "हो, मीबी तसंच ऐकलं." मग मी शाळेच्या नळाला पाणी नाही इथपासून सगळ्या तक्रारी सांगून टाकल्या. स्टँडवर दोन शिक्षक त्यांना घ्यायला आले तेव्हा मला कळलं की याच त्या मोठ्या मॅडम, शाळेच्या मुख्याध्यापिका. मी तोंडाला पदर लावला. मॅडम म्हणाल्या, "आजी, नळाचं पाहते मी." आणि खरंच पाहिलं. शाळा उघडून महिना झाला नाही तो नळाला पाणी.

आता मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त त्यांच्यावर पुस्तक काढणारी मंडळी घरी येऊन म्हणाली, आजी, तुम्हीही लिहा. मी म्हटलं, बापा, मी तिसरीपर्यंत शिकलेली, माझं काय लिहिणं. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. म्हणून लिहिते. मॅडमनी शाळेसाठी काय काय केलं ते शिकलेली माणसं लिहितीलच. मला त्यांच्या एका भाषणाबद्दल लिहायचं आहे, कारण त्या भाषणानं माझी नात वाचली.

माझी नात सुजाता. माझा लेक देवानंद, त्याची ही थोरली. शांत पोरगी, भाकरी माझ्यापेक्षा गोल करते. ती दहावीत गेली आणि आमच्या घरी दहावी आली. आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. ज्या घरी दहावीचं लेकरू, त्या घरात आजारी माणूस असल्यासारखं वागायचं. देवानंदनं केबल बंद केली, टीव्हीवर चादर टाकली. लग्नकार्याला कोणी जायचं नाही. पाहुण्यांना वाटेतच सांगायचं, आमच्या घरी दहावी आहे. विहारातून आल्यावर मी सुनेशी दोन शब्द बोलले तर देवानंद आतून म्हणे, "बाई, हळू बोल ना, पोरगी अभ्यास करून राह्यली." सुजाताला कपबशीसुद्धा विसळू देत नव्हते. आणि घरात पाय टाकणारा प्रत्येक जण तिला एकच विचारे, "काय मंग, किती टक्के पाडतं?"

पोरगी वाळायला लागली. सकाळी उलटी करायची, दुपारी ताटावरून उठायची. पूर्वपरीक्षेत गणिताचा पेपर अर्ध्यात सोडून घरी आली. माझ्याजवळ बसून म्हणाली, "आजी, मी बोर्डाले नाही बसत. मले काही येत नाही, अन मी नसले तर सगळ्यायचं बरं होईन." मला त्याचा अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा मी तिला जवळ ओढून घट्ट धरलं.

त्याच आठवड्यात शाळेत पालकांची सभा होती. देवानंद जायला तयार नव्हता. "शेतात तूर कापाची हाये, सभेत काय ठेवलं?" मी म्हटलं, "तू नाही आला तर मी एकटी जातो अन मॅडमले सांगतो, माया लेकाले तूर पोरीपेक्षा मोठी हाये." आला मग.

मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. हातात कागद नाही. पिशवीतून सुई काढली, दोरा काढला. पहिल्या रांगेत देवानंदच बसला होता, त्याला म्हणाल्या, "भाऊ, या पुढं. एवढी सुई ओवून द्या." तो हसत गेला. मग मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "तुमी घरी लेकराले जे बोलता ना, ते याईले बोला. लाजू नका."

आमच्या लोकांना तेवढंच पाहिजे. एक म्हणतो, "आटप ना लवकर." दुसरा म्हणतो, "त्या मेडशी गावच्या पोरानं तं कवाच ओवली." मागून एक बाई ओरडली, "तुयासाठी आमी कायकाय केलं, अन तुले सुई नाही ओवता येत?" देवानंदनं दोरा तोंडात ओला केला, डोळा बारीक केला, दोरा वाकला. सगळे हसले.

मॅडम म्हणाल्या, "बरं. आता कोणी काही बोलू नका. फक्त याईच्याकडं पाहा." सगळी सभा गप्प. शंभर डोळे माझ्या लेकावर. त्याच्या कपाळावर घाम आला. दोरा आणखीनच चुकायला लागला. तेव्हा मला आमच्या घरातली ती चादर आठवली.

मग मॅडम म्हणाल्या, "आता भाऊले सोडा. आपापल्या गप्पा करा." बाया लगेच सुरू झाल्या, कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाची म्हैस व्याली. त्या गलक्यात देवानंदनं सुई ओवली. ओवून उभाच राहिला, कोणाचं लक्षच नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यानं लेकरू घाबरते, हे तुमाले ठाऊक हाये. पण तुमच्या गप्प बसण्यानंबी घाबरते. टीव्हीवर चादर टाकली की त्याले समजते, हे सगळं माझ्यामुळं बंद पडलं. घर चालू ठेवा. भांडे वाजू द्या."

एक गृहस्थ उठले. "मंग आमी काही म्हणायचंच नाही का मॅडम? पोरगं मोबाईल घेऊन बसन दिवसभर."

"म्हणा ना. पण लेकरासोबत बसून वेळ ठरवा. पाऊण तास अभ्यास, मंग उठून पाणी प्यायचं, अंगणात चक्कर मारायची. रात्री झोपताना मोबाईल बाहेरच्या खोलीत."

"हो, ते बरोबर."

"तुमचाबी."

लोक हसले. ते गृहस्थ बसले.

मग मॅडमनी एकेक गोष्ट समजावून सांगितली. रात्रीची झोप मोडून केलेला अभ्यास सकाळी पेपरात आठवत नाही, म्हणून पुरती झोप झाली पाहिजे. सकाळी पोटात काहीतरी हलकं गेलं पाहिजे. जुने पेपर घड्याळ लावून सोडवायला द्या, पण तपासायला बापानं बसू नये, शाळेत आणून द्या. घरातलं एखादं लहान काम लेकराकडे राहू द्या, त्याला वाटलं पाहिजे की मी या घरातला आहे. भावाबहिणीशी तुलना नको. पेपर देऊन आल्यावर उत्तरं जुळवत बसू नका, झालेला पेपर बदलत नाही आणि दुसऱ्या दिवशीचा बिघडतो. आणि नापास झालं तर काय, हे परीक्षेच्या आधीच घरात मोठ्यानं बोला. पुरवणी परीक्षा असते, पुन्हा बसता येतं. लपवलेल्या गोष्टीचं भय जास्त.

शेवटी त्यांचा आवाज खाली आला. "लेकरू जेवत नसन, झोपत नसन, मी नसलो तर बरं, असं बोललं, तं त्याले नाटक म्हणू नका. रागावू नका. एकटं सोडू नका. जवळ बसून ऐका, मले सांगा, डॉक्टरले दाखवा. यात लाजायचं काही नाही." मी देवानंदकडे पाहिलं. त्याच्या हातात अजून सुई होती आणि डोळ्यांत पाणी.

सभा संपल्यावर मी मॅडमना बाजूला घेऊन सुजाता काय बोलली ते सांगितलं. त्यांनी पुरतं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी वाशीमला मनाचं दुखणं पाहणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे आम्हाला स्वतः घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई सुजाताशी एकटीशी पुष्कळ वेळ बोलल्या आणि पुन्हा पुन्हा यायला सांगितलं. आम्ही गेलो.

घरी देवानंदनं चादर काढली, केबल सुरू केली. पण माझा लेक काही अर्धं करणारा नाही. आता त्यानं नवीनच धरलं. सकाळी उठला की, "सुजा, टेन्शन घेऊ नोको." जेवताना, "टेन्शन घेऊ नोको." शेतातून फोन करून तेच. एक दिवस पोरगी म्हणाली, "बाबा, तुमी हे बोलले की मले पोटात गोळा येते." तो बिचारा तोंड पाडून बसला. मला म्हणे, "आता मी बोलू तरी काय?"

मी मॅडमना निरोप धाडला. संध्याकाळी त्या घरी आल्या. मी अंगणात तूर पाखडत होते, त्या माझ्याजवळ बसून खडे निवडायला लागल्या. सुजातालाही बसवलं. परीक्षेचं नाव नाही. देवानंद दारातून ऐकत होता. माझं माहेर आसेगाव, तिथली माणसं, असलंच बोलणं. मध्येच पोरगी आपण होऊन म्हणाली, "मॅडम, गणिताचा पेपर हातात आला की मले पहिलं पान दिसतच नाही."

"मंग पलटव ते. जे येते ते आधी सोडव. प्रश्नाचा नंबर तेवढा बरोबर टाक."

"चालते तसं?"

"चालते. अन पेन खाली ठेवून आधी दोनचार वेळा सावकाश श्वास सोडायचा. पेपर कुठं पळून जात नाही."

पुढे मॅडमनी तिला शाळेच्या रिकाम्या वर्गात बाकावर बसवून जुने पेपर सोडवायला लावले, म्हणजे बाकाचं भय जावं. सकाळची उलटी एकदम नाही थांबली. हळूहळू थांबली.

बोर्डाच्या परीक्षेला ती बसली. गणिताच्या दिवशी देवानंद आणि मी फाटकाबाहेर उभे. बाकीची लेकरं बाहेर आली, आईबाप पेपर हिसकून घेत होते, "हे लिहिलं का, ते लिहिलं का." सुजाता आली, चेहरा उतरलेला. माझ्या लेकाचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला काय कष्ट पडले असतील ते मलाच माहीत. मग म्हणाला, "भूक लागली का सुजा?"

पोरगी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "लागली." घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. हात धुता धुता स्वतःच सांगितलं, "बाबा, एक मोठा प्रश्न राहून गेला मायाच्यानं." देवानंद म्हणाला, "राहू दे. उद्या भाजी कायची करायची ते सांग." पुढच्या पेपराला ती आपली आपण तयार होऊन गेली.

ती पास झाली. टक्के किती, ते इथं लिहीत नाही. निकालाच्या दिवशी मॅडमनीही विचारले नव्हते. म्हणाल्या, "झोप लागली का रात्री?"

सुजाता आता अकोल्याला नर्सिंग शिकते. परवा फोनवर म्हणाली, "आजी, उद्या पेपर हाये." मी म्हटलं, "बरं. मेसमध्ये आज काय केलं होतं?" ती वांग्याच्या भाजीला नावं ठेवत बसली, मी ऐकत बसले, पुष्कळ हसलो. पेपराचा विषय परत निघालाच नाही.

मॅडम, हे हसणं तुम्ही आमच्या घरात परत आणलं. परीक्षेच्या दिवसांत शेवटचं लेकरू घरी जाईपर्यंत तुम्ही उन्हात उभ्या राहत होता, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. आता सावलीत बसा. गुडघ्यांना तेल लावा, वेळेवर जेवा, दुपारी निवांत झोपा. तुमची तब्येत ठणठणीत राहो आणि पुष्कळ वर्षं आमच्या अंगणात तुमचं येणं होत राहो. यंदाची तूर घरात आली आहे. या एक दिवस, मी भाकरी टाकते.