कानामागे टोचतंय का?

त्या चष्मेवाल्याला सगळ्या पेठेची नाकं आणि कान पाठ होते. रस्त्यात कुणी नमस्कार केला, तर याला आधी नाव आठवायचं नाही; उजवा कान डाव्यापेक्षा वर असलेला माणूस, एवढंच आठवायचं. कुणाचा चष्मा जरा तिरपा दिसला की याचा जीव खालीवर. भर लग्नात नवरदेवाला थांबवून त्याची फ्रेम सरळ करणारा हा प्राणी! पेठेनं त्याचं नाव ‘काटकोन’ ठेवलं होतं आणि ते त्याला शोभतही होतं.

दिवसाकाठी वीसेक अनोळखी चेहऱ्यांना हात लावणाऱ्या या माणसानं वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत प्रेमानं कुणाचा हात धरला नव्हता. हसू नका. असं होतं. तरुणपणी दुकान उभं करण्यात वर्षं गेली, मग आईचं आजारपण आलं, आणि मधल्या मोकळ्या वर्षांत हा नुसता लाजत बसला. लाजायलाही वेळ लागतोच की.

मग एक दिवस दुकानात ‘कोच’ आली. तलावावर पोहायला शिकवणारी बाई, याच्याच वयाची, नवऱ्यापासून वेगळी होऊन सहा वर्षं झालेली. तिला नंबरचा पोहायचा गॉगल हवा होता. नंबर होता उणे सहा, काटकोनाच्या नंबराइतकाच. “म्हणजे चष्मा काढला की आपण दोघं सारखेच आंधळे,” ती म्हणाली आणि मोकळी हसली. गॉगल तयार झाल्यावर ती न्यायला आली, नंतर पट्टा सैल करून घ्यायला आली, आणि त्यानंतर काहीच कारण नसताना आली. तेव्हा कुठे या शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दोघं दोनदा फिरायला गेले, एकदा चहाला गेले.

चहानंतर तो तिला घरापर्यंत सोडायला गेला. जिन्याखाली ती थांबली, एक पाऊल पुढे आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. काटकोनानं दोन्ही हात वर केले, तिच्या कानशिलांपाशी नेले, आणि बोटांना कळलं की तिच्या चष्म्याची डाव्या कानाकडची काडी किंचित वर आहे. वीस वर्षांची सवय! बोटांनी काडी दाबली आणि तोंडानं विचारलं, “कानामागे टोचतंय का हो?”

तिनं डोळे उघडले. “नाही,” म्हणाली आणि जिना चढून गेली.

त्यानंतर तिचे निरोप आखडत गेले. “आज जमणार नाही.” “बघू.” फोन समोर ठेवून हा बसलेला असायचा. तिला वाटलं असणार की यानं आपल्याला नको म्हटलं. हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि खरं सांगितलं नाही तर ती कायमची जाणार, हेही दिसत होतं.

त्याची थोरली बहीण, ताई, शनिवारी दुकानात मदतीला यायची. तिनं काचा पुसता पुसता त्याच्या पोटातलं काढून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

“असं कर,” ताई म्हणाली. “एक होती, परगावी गेली, असं सांग. थोडंफार झालं होतं म्हण. त्रेचाळीस वर्षांचा घोडा आणि पाटी कोरी, हे ऐकून कोण थांबेल?”

“आणि तिनं पुढं विचारलं तर?”

“तर आणखी सांग! एवढंही सुचत नाही का रे तुला?”

त्यानं खरंच मनात एक मुलगी रचायला घेतली. तिचं नाक कसं होतं इथपर्यंत आला, तेवढ्यात एक आजोबा पहिल्यांदाच दुहेरी नंबरचा चष्मा न्यायला आले. काटकोनानं तो चढवला, कानामागे बोट फिरवलं आणि रोजचं बोलणं सुरू केलं: “पहिले पंधरा दिवस पायरी कुठं आहे ते कळणार नाही. गरगरेल. चष्मा चुकलेला नाही, सवय व्हायची आहे. जिना उतरताना कठडा धरा, आणि त्रास झाला तर गप्प बसू नका, इथं येऊन सांगा.”

आजोबा मान डोलावून गेले. काटकोन जागच्या जागी उभा राहिला. हे वाक्य त्यानं हजारदा म्हटलं होतं. एकदाही माफी मागितली नव्हती, एकदाही कान लाल झाले नव्हते. माणसाला आधी सांगितलं की तो पडत नाही, एवढा साधा हिशेब.

“मुलगी रद्द,” तो ताईला म्हणाला.

रविवारी सकाळी शिकवणी संपल्यावर तो तलावाबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. ती ओल्या केसांनी बाहेर आली, त्याला बघून थबकली, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

“पाच मिनिटं बोलू का?” त्यानं विचारलं.

“बोला.”

“मी आजवर कुणाशीच नात्यात नव्हतो. चुंबन नाही, काही नाही. त्याची मला लाज नाही, पण तुम्हाला माहीत असायला हवं. त्या दिवशी तुम्ही जवळ आलात तेव्हा मला नको नव्हतं. फार हवं होतं. काय करायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून हातांनी जे येतं ते केलं.” त्यानं श्वास घेतला. “मी हळू शिकेन. माझं काही चुकलं तर तोंडावर सांगा, अंदाज बांधू नका. मीही विचारत जाईन. आणि हे तुम्हाला नको असेल तर तसं सांगा. आजच सांगायला हवं असं नाही.”

आणि मग तो गप्प बसला. हे सगळ्यात अवघड होतं बरं का! ‘सॉरी हं’ आणि ‘मी वेडाच आहे’ जिभेवर येऊन बसले होते. त्यानं ते दोन्ही गिळले.

तिनं ओले केस पिळले.

“सहा वर्षांनी पहिल्यांदा कुणाच्या जवळ गेले होते,” ती म्हणाली. “घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले. म्हटलं, संपलं आपलं. आता कुणाला आपण नको.” तिचा आवाज चिरकला. “आठ दिवस, अहो! आठ दिवस असं वाटत होतं मला.”

लाज आपल्यापुरती असते असं तो समजत होता; ती तिकडे जाऊन तिला इतकी लागली असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“आमच्या ताईनं सांगितलं होतं, थोडंफार झालंय असं म्हण,” तो म्हणाला.

ती डोळे पुसता पुसता हसली. “माझ्याकडे पन्नाशीची माणसं शिकायला येतात. ‘मला अजिबात येत नाही’ म्हणतात त्यांची मला भीती वाटत नाही. मी कडेला असते, ते कडा धरतात, महिन्याभरात पोहतात. ‘थोडं येतं’ म्हणणारे खोल पाण्यात उतरतात, आणि मग मला कपड्यांसकट उडी मारावी लागते.”

“मला अजिबात येत नाही,” काटकोन म्हणाला. आयुष्यात इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

“आणि मला थोडं येतं,” ती म्हणाली. “अकरा वर्षं संसार केला, पण काय हवंय असं मला कुणी विचारलं नाही. तेव्हा मलाही हळूच जायचंय.”

“हात धरू का?” त्यानं विचारलं.

तिनं हात पुढे केला. क्लोरीनच्या पाण्यानं बोटं सुरकुतली होती. त्यानं तो धरला, जरा जास्तच घट्ट. “सैल,” ती म्हणाली. त्यानं सैल केला. “आता बरोबर.”

थोड्या वेळानं तिनं दुसऱ्या हातानं आपला चष्मा काढला, घडी घालून डबीत ठेवला आणि डबी पिशवीत टाकली. मग वाकून त्याचाही काढला. समोरचा तलाव, झाडं, माणसं, सगळं पुसट झालं.

“दिसते का मी?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग जरा जवळ ये.”

तो जवळ सरकला.