खैरवाडीची न जन्मलेली मुलं

सत्यशीला साळवे निवृत्तीला आली होती, आणि थकली होती असं म्हटलं तर तिला ते वावगं वाटलं नसतं. श्रीरामपुराहून रोज सकाळची एसटी धरायची, तालुक्याच्या आरोग्य कचेरीत जाऊन बसायचं आणि कागदावर माणसं वाढवायची, हेच तिचं काम. सांख्यिकी सहायक म्हणून तिनं किती गावं वाढवली असतील, त्याला सुमार नव्हता. शेवटची खरी मोजणी, म्हणजे जनगणना, २०११ सालची. २०२१ची करोनामुळे राहिली ती राहिलीच. तेव्हापासून दर एप्रिलमध्ये ती जुन्या आकड्यावर एक एक वर्ष चढवत आली होती.

त्या एप्रिलमध्ये खैरवाडी उपकेंद्राची आरती तिच्यासमोर येऊन बसली. आरती कंत्राटी परिचारिका, पदरात लहान मूल. हातात नोटीस होती. लसीकरण सत्तावन्न टक्के, समाधानकारक खुलासा न आल्यास करार वाढवणार नाही.

"मॅडम, पंचेचाळीस पोरांच्या लशी पूर्ण केल्या मी. गावात दोनच राहिलीत, ती पण मामाकडं गेलेली म्हणून. तुमी म्हणता एकोणऐंशी. बाकीची कुठं ठेवलीत?"

"मी ठेवली नाहीत. हिशोबानं निघाली."

"हिशोबाला घेऊन या एकदा गावात. मी चहा करते."

सत्यशीलाला हसू आलं, पण फार वर आलं नाही. तिनं कागद पुढे ओढला आणि सांगायला लागली, कारण एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

"हे बघ. २००१ साली तुझं गाव चोवीसशे. २०११ला छत्तीसशे. दहा वर्षांत बाराशे वाढले, म्हणजे वर्षाला एकशेवीस. आपण धरतो की पुढंही तसंच वाढत राहणार. मग आज झाले त्रेपन्नशेच्या वर. हजारी पंधरा बाळं जन्मतात असं धरतो, त्यातली एखाद-दोन बाळं पहिल्या वर्षातच जातात. राहिली एकोणऐंशी."

"आणि तसंच वाढलं नाही तर?"

"राज्याचा आकडा काढणारे जरा बारकाईनं बघतात. कुठल्या वयाच्या किती बायका आहेत, त्यांना मुलं होणं किती कमी होत चाललंय, माणसं किती जगतात, बाहेरून किती येतात, किती जातात. पण तेही धरूनच चालतात की हे सगळं आजवर ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं जाईल. मोठ्या आकड्यात चुका एकमेकींना झाकतात. गावापर्यंत आलं की झाकायला काही उरत नाही."

आरती म्हणाली, "म्हणजे माझी नोकरी धरून चालण्यावर हाय."

ती गेल्यावर बाराशेचा आकडा सत्यशीलाच्या मनात टोचत राहिला. त्या दहा वर्षांत अख्खा जिल्हा शंभराला बारा-तेरानं वाढला होता. खैरवाडीच पन्नासनं का वाढावी? हा प्रश्न तिला इतकी वर्षं पडला नाही, याचंही तिला नवल वाटलं नाही. गावं दीडशेच्या घरात, आणि सूत्र सगळ्यांना एकच.

शनिवारी ती आरतीच्या चहाला गेली. उपकेंद्राच्या ओट्यावर गावची आशा कार्यकर्ती लंकाबाई बसली होती. गावात कुणाच्या घरी पाळणा हलला की पहिली खबर हिला. सत्यशीलानं विचारलं, "मागच्या मोजणीच्या वेळी गावात एवढी माणसं कुठून आली होती हो?"

"आली म्हंजे? साखर कारखाना चालू हुता की तवा." लंकाबाईनं हातानं बंद कारखान्याची चिमणी दाखवली. "त्या माळावर पाचटाच्या कोप्याच कोप्या. जामखेडकडची ऊसतोडणीवाली मानसं. मास्तर मोजायला आले ते समद्या कोप्या हिंडले. आमी हसलो, म्हनलं ह्यांना कशाला मोजता, ही उन्हाळ्यात जायची. मास्तर म्हनले, मोजणीच्या दिसांत जो हितं, तो हितलाच लिवायचा."

"बरोबरच लिहिलं त्यांनी. नियम तसाच आहे."

"असंल. पन दोन-चार सालांत कारखाना बसला. मानसं गेली, कोप्या मोडल्या. आता हितं बाभळी हायेत. त्यांना टोचायचं का?"

मोजणी फेब्रुवारीतली, तोडणीच्या ऐन हंगामातली. त्याआधीच्या मोजणीला कारखाना नव्हता. जिल्ह्यासारखंच वाढलं असतं तर गाव सत्तावीसशेचं झालं असतं; वरची नऊशे पाहुणी माणसं एकदा आली, एकदा मोजली गेली आणि निघून गेली. सूत्रानं मात्र धरलं की तशीच माणसं दर दहा वर्षांनी आणखी येत राहणार. त्यांना नसलेली बाळं झाली, आणि ती बाळं टोचली नाहीत म्हणून आरतीला नोटीस. सत्यशीलाचा हा हिशोब होईस्तोवर चहा गार झाला.

सोमवारी तिनं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना सांगितलं. डॉ. रविराज वाईट माणूस नव्हते, घाईत होते.

"साळवे मॅडम, प्रत्येक सिस्टर आपली लोकसंख्या कमीच सांगणार. टक्का वर जातो. म्हणून तर अंदाजाचं सूत्र वरून येतं."

"सिस्टरचं मी घेतच नाही, सर. २००१च्या आकड्यावर जिल्ह्याची वाढ लावली. एकतीसशेच्या पुढे येतात. घरोघरची यादी तेवढंच सांगते, आणि शाळेचा पटही वाढलेला नाही."

"पण तालुक्याची बेरीज मला बदलता येत नाही. इथली बत्तीस मुलं काढली तर कुठंतरी टाकावी लागतील."

"टाकते. शहराकडच्या उपकेंद्रात."

तिथं भारती परिचारिका होती. २०११ नंतर तिच्या हद्दीत शेतांचे प्लॉट पडले, भाडेकरू आले. सूत्राला ते माहीत नव्हतं. भारतीची अपेक्षित मुलं नव्वद, टोचलेली एकशे अठरा. दरवर्षी शंभराच्या वर, दरवर्षी प्रशस्तिपत्र. शंभरातली एकशे एकतीस मुलं कशी, असं सभेत कुणी विचारत नसे, कारण सगळे टाळ्या वाजवत असत.

डॉक्टरांनी दोन्ही उपकेंद्रांचे आकडे तपासले, बेरीज जुळते का पाहिलं आणि सही केली. सुधारलेल्या अंदाजानं खैरवाडीची अपेक्षित मुलं सत्तेचाळीस, म्हणजे आरतीचा टक्का शहाण्णवच्या आसपास गेला. नोटीस मागे घेतली गेली.

संध्याकाळी भारतीचा फोन आला. "मॅडम, माझं प्रशस्तिपत्र कुठं गेलं? सत्त्याण्णव टक्के दिसतंय."

"म्हणजे तीन-चार मुलं राहिलीत तुझी. आजवर दिसत नव्हती. शोध."

"भाड्याच्या खोल्यांत असतील बघा ती. बघते." आणि फोन ठेवता ठेवता, "निवृत्त व्हायच्या आधी एक तरी चांगली बातमी द्या."

परतीच्या एसटीत सत्यशीलाला खिडकी मिळाली. दुसऱ्या एका कारखान्याच्या वाटेला हंगाम संपला होता. रिकाम्या कोप्यांचे सांगाडे उभे होते, चुलीचे काळे दगड तसेच पडलेले. पुढची मोजणी २०२७च्या फेब्रुवारीत, असा कागद आलेला होता. तेव्हा इथं पुन्हा माणसं असतील. त्यांना इथंच मोजतील, आणि मोजायलाच हवं, कुठंतरी मोजायलाच हवं. तिकडे जामखेडकडे तेवढी दारं बंद राहतील आणि तिथलं गाव लहान दिसेल. तेव्हा ती खुर्चीत नसेल. जो कुणी असेल त्याला या माळाविषयी सांगून ठेवायला हवं, असं तिनं ठरवलं.

कंडक्टर तिकिटासाठी आला. "कुठं, मॅडम?"

"रोजचंच," ती म्हणाली आणि पास काढला.