नऊ रिकामी घरं

रविवार, १ डिसेंबर १९९६. जळगाव. हजर: आबा म्हणजे माझे सासरे, माझे यजमान, मोठे दीर, मोठ्या वहिनी, मी. आबांची पिशवी एक, काठी एक, डायरी एक.

जुन्या डायरीत डिसेंबरच्या पानाच्या डोक्यावर मी असंच लिहिलं आहे. माणसं आणि सामान एकाच ओळीत.

आबांना अर्धांगाचा झटका आला तो त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. उजवी बाजू गेली, वाचा अर्धी गेली. दवाखान्यातून सुटले तेव्हा दोघा भावांनी ठरवलं, एक महिना धुळ्याला, एक महिना जळगावला. दर एक तारखेला ज्याची पाळी संपली त्याने आणून सोडायचं. हे बोलणं आबांच्या खाटेशेजारी, त्यांच्यासमोर झालं. त्यांना कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी तेव्हा औषधांची यादी करत होते.

औषधं सात होती. वेळा सहा. सकाळी सातला उपाशीपोटी एक, साडेसातला साखरेची, आठला नाश्त्यानंतर रक्तदाबाची, दुपारी दीडला जेवणावर रक्त पातळ ठेवायची, संध्याकाळी सहाला पुन्हा एक, रात्री नऊला झटके येऊ नयेत म्हणूनची आणि पोट साफ होण्याची पूड. हे कुणाच्या लक्षात राहणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मी शाळेत कारकून होते. हजेरीपटाशिवाय काही चालत नाही हे मला माहीत होतं.

तेव्हा आमचं टेलिफोन एक्स्चेंज नवीन झालं होतं. ठराविक आकडे दाबून पुढे चार आकडी वेळ दाबली की त्या वेळेला फोन आपोआप वाजायचा. लोक पहाटेची गाडी पकडायला ही सोय वापरत. आमच्या फोनवर एका वेळी एकच वेळ नोंदवता यायची, म्हणून मी साखळी केली. फोन वाजला की उचलायचा, गोळी कुस्करलेल्या केळ्यात घालून द्यायची, गिळली की नाही ते तोंड उघडून बघायचं, डायरीत त्या वेळेच्या घरात बरोबरची खूण करायची, आणि मग पुढची वेळ नोंदवायची. रात्री नऊनंतर उद्याचे सात. एक कडी तुटली की पुढचं सगळं तुटायचं, त्यामुळे कोणी टाळाटाळ करू शकत नव्हतं. धुळ्यालाही अशीच सोय होती. तिथल्या फोनजवळ आकडे लिहून कागद मी स्वतः चिकटवला.

डायरी बियाणांच्या दुकानाने वाटलेली, जाड पुठ्ठ्याची. एका दिवसाला एक ओळ, सहा घरं, शेवटी थोडी जागा ‘शेरा’ म्हणून. औषधांची इंग्रजी नावं लिहिली तर वहिनी घोळ घालतील म्हणून मी नावं लिहिलीच नाहीत. रंग लिहिले. गुलाबी. पांढरी मोठी. पांढरी अर्धी. पिवळी. डॉक्टरांची मूळ चिठ्ठी मळायला नको म्हणून प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून माझ्या कपाटात ठेवली. फार नीट काम केलंय, असं मला वाटलं होतं.

तर एक डिसेंबर. दीर भाड्याची जीप करून आले. आबांना उतरवताना त्यांच्या ओठाच्या उतरत्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि कोणीच ती पुसत नव्हतं, कारण रुमाल कोणी काढायचा हाही पाळीचा प्रश्न होता. तिथून माझ्या नावावर महिना सुरू झाला होता, म्हणून मी पुसली. लाळेचा वास आला. मला किळस आली आणि मी ती लपवली. हे लिहून ठेवलेलं बरं.

आबा मात्र काठी टेकत जीपपासून दारापर्यंत चालत आले. ऑक्टोबरात ते दोन पावलांवर बसत होते. दारात थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेतलं मूल गणित सोडवून बाईंकडे बघतं, तसं.

“चालू लागले आबा,” यजमान म्हणाले.

“आमच्याकडं चालायला लागले,” दीर म्हणाले. “आणि नवीन गोळी दिली आमच्या डॉक्टरनं. प्रेशर वाढेल होतं. भारी डॉक्टर शे.”

“आमचा काय हलका आहे का?”

“मी कुठं म्हटलं?”

असं ते चाललं. आबा दोघांच्या मध्ये उभे होते. खुर्ची मी दिली.

चहा होईपर्यंत मी डायरी तपासायला घेतली. बाकी सगळ्या खुणा होत्या. पण महिन्याच्या शेवटच्या भागात सकाळी आठच्या घराला वहिनींनी रेघ मारून दोन भाग केले होते, एक जुन्या गोळीचा, एक नव्या. त्यातला नवीचा भाग नऊ ठिकाणी रिकामा. मी लाल शाईने नऊ गोल केले, वहिनींच्या समोर.

“वहिनी, नऊ वेळा?”

“बठ्ठं लिखेल शे मी त्यामा,” वहिनी म्हणाल्या. “वाची ले.”

“सगळं लिहिलंय म्हणता, पण वाचायचं काय त्यात? घर रिकामं म्हणजे गोळी दिली नाही. का गोळ्या शिल्लक ठेवायच्या असतात, लोणच्यासारख्या?”

दीर हसले. स्वतःच्या बायकोला हसले. वहिनी आबांच्या पिशवीतले कपडे काढून घडी घालत बसल्या. ‘शेरा’च्या जागेत पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं मला दिसलं होतं. शेजारच्या घरांवरही ते अक्षर चढलं होतं. मला त्या अक्षराचाच राग आला.

मी नवीन पान आखलं. आठच्या वेळेत गुलाबी आणि तिच्याखाली ‘नवीन, पांढरी लहान’. जीप गेली.

चार दिवस साखळी एकदाही तुटली नाही. फोन वाजायचा, मी उचलायचे, गोळ्या द्यायचे, खूण करायचे. दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, “डोकं… फिरस.” मी म्हटलं, “प्रवासाचा शीण आहे, आबा. तोंड उघडा.” तिसऱ्या दिवशी केळ्यातली लहान पांढरी गोळी त्यांनी जिभेने बाहेर ढकलली. अर्धी विरघळलेली, केळ्याने आणि लाळेने माखलेली गोळी त्यांच्या हनुवटीवर चिकटली होती. मी ती बोटाने उचलून परत तोंडात घातली. ते माझ्याकडे बघत राहिले. मी खूण केली.

पाच तारखेला, गुरुवारी, आठच्या गोळ्या झाल्या. थोड्या वेळाने ते न्हाणीघराकडे जायला स्वतःच उठले. मी डबा भरत होते. आवाज आला तो काठीचा नव्हता.

मांडीच्या हाडाचा वरचा भाग मोडला होता. आमच्या डॉक्टरांनी नाडी धरली आणि हातातलं घड्याळ बघत बराच वेळ तशीच धरून ठेवली. मिनिटाला शेहेचाळीस. रक्तदाब नव्वदवर. त्यांनी गोळ्यांची पिशवी मागितली. गुलाबीची पट्टी आणि नवीनची पट्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि चष्मा कपाळावर सारून मागची बारीक अक्षरं वाचली.

“हे दोन्ही कोण देतंय?”

“मी. रोज आठला. एकही चुकली नाही.”

“एकच औषध आहे हे, बाई. कंपन्या दोन. रक्तदाब उतरवतं, नाडी मंद करतं. तुम्ही दुप्पट देत होता. आजपासून ही नवीन बंद, गुलाबी मी सांगेन तशी.” मग त्यांनी विचारलं, “धुळ्याच्या डॉक्टरांना माझी चिठ्ठी दाखवली नव्हती का?”

चिठ्ठी माझ्या कपाटात होती. मळली नव्हती. धुळ्याच्या डॉक्टरांसमोर ठेवली गेली ती माझी यादी. गुलाबी, पांढरी मोठी, पांढरी अर्धी. त्यावरून कुणाला काय कळणार होतं?

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर मी वहिनींची पेन्सिल वाचली. वाचायला वेळ लागला नाही. अक्षर वाईट होतं, पण माणसाला वाचता येत होतं. पहिल्या रिकाम्या घरापुढे: ‘डोकं फिरते म्हणे. नवी गोळी नाही दिली.’ दुसऱ्या दिवशी: ‘आज बरे. ओट्यापर्यंत चालले.’ पुढे एकदा गोळी दिल्याची खूण, आणि शेरा: ‘परत चक्कर. भिंत धरली.’ मग सलग रिकामी घरं, आणि शेऱ्यात रोज चालणं वाढत गेलेलं. शेवटी: ‘डॉक्टरला विचारणे. हे म्हणतात जळगावले विचार.’

हे म्हणजे माझे दीर. जळगाव म्हणजे मी.

त्या बाईने ना चिठ्ठी पाहिली होती, ना औषधाचं नाव. तिने आबांकडे पाहिलं होतं. आणि मी तिच्या नऊ घरांवर लाल गोल करून ती घरं भरून काढली होती.

रात्री आबांना दवाखान्यात ठेवून आम्ही घरी आलो, तेव्हा धुळ्याहून फोन आला. नेहमीच्या नऊच्या घंटीसारखाच वाजला, म्हणून मी सवयीने डायरी घेऊनच धावले. यजमानांनी उचलला. पलीकडचा आवाज मला खोलीभर ऐकू येत होता.

“तुमच्याकडं पडले ना? महिनाभर माझ्याकडं होते, पडले का?”

“तुमच्याकडूनच अशक्त होऊन आले,” यजमान म्हणाले. “डायरीत आहे सगळं. नऊ गोळ्या दिल्या नाहीत वहिनींनी. लाल शाईत आहे.”

माझ्या हातात डायरी होती. दोन पावलांवर फोन होता. पलीकडे दीर बायकोवर ओरडल्याचं ऐकू आलं, आणि तिचं उत्तर ऐकू आलं नाही. मी काही बोलले नाही. मी उद्याचे सात नोंदवायला थांबले होते, असं मी स्वतःला सांगितलं. यजमानांनी फोन ठेवल्यावर मी खरंच उद्याचे सात नोंदवले, आबा दवाखान्यात असताना.

ते ऐकताना मला जी शिसारी आली ती लाळेची नव्हती. ती डायरी औषधांसाठी आखली असं मी सगळ्यांना सांगत होते. दोन घरांच्या भांडणात आपली बाजू स्वच्छ असावी म्हणून ती मी आखली होती. खुणा पुराव्याच्या होत्या. आबा त्या पुराव्यातला मुद्देमाल होते, एका महिन्याला इकडे, एका महिन्याला तिकडे.

आबा त्यानंतर स्वतःहून उभे राहिले नाहीत. पाळी बंद झाली, कारण त्यांना जीपमध्ये बसवता येत नव्हतं. शेवटपर्यंत ते आमच्याकडेच होते आणि शेवटपर्यंत आठच्या फोनला त्यांचं तोंड आधीच मिटलेलं असायचं. मी गोळी उघड्या तळहातावर ठेवून नाव वाचून दाखवायचे. मग उघडायचे, कधी कधी.

पाच डिसेंबरच्या पानाच्या मागे मी कामांची यादी केली होती. ती अशी:

पट्ट्यांवरून औषधांची खरी नावं उतरवणे, रंग खोडणे. झालं, सहा तारखेला.

डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स डायरीच्या खिशात. झालं.

‘शेरा’ची जागा मोठी करून सर्वांत आधी घेणे, खुणा नंतर. झालं, नवीन वर्षाच्या डायरीत.

धुळ्याला वहिनींना फोन करून खरं काय ते सांगणे, आणि दिरांनाही त्यांच्यासमोर.

पुढच्या पानावर ही ओळ मी परत उतरवली आहे, त्याच्या पुढच्या पानावरही. नंतरच्या डायऱ्यांतही ती आहे. लग्नकार्यांत वहिनी भेटतात, जुन्या साडीला घडी घालावी तसा हात माझ्या खांद्यावर ठेवतात, बरी आहेस ना विचारतात. मी बरी आहे म्हणते. त्या ओळीपुढे खूण नाही.