अडतिसाव्या मिनिटापासून

हौसाबाई मूळची फोंडाघाटची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन मालवणजवळच्या खाडीकाठी आली, ती आज साठ वर्षं त्याच घरात आहे. गावच्या वाचनालयाने म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला घेतल्या, तेव्हा तिथल्या किशोरीने तिची पाऊण तासाची मुलाखत घेतली. मुलगा सत्यवान त्या दिवशी कुडाळला गेला होता. ती मोकळेपणी बोलली.

महिन्याभराने किशोरी नोंदीचा कागद घेऊन आली. संग्रहात लावण्याआधी तो बोलणाऱ्याला वाचून दाखवायचा असतो. या वेळी सत्यवान घरी होता. तो दाराशी खुर्ची ओढून बसला.

"शून्य ते बारा मिनिटं, माहेर आणि भातशेती," किशोरी वाचू लागली. "बारा ते अडतीस, सासर, काथ्याचं काम. अडतीस ते सत्तेचाळीस, पतीची मुंबईहून आलेली पत्रं. विषयशब्द: खलाशी, पत्रव्यवहार, स्त्री-साक्षरता."

मग सारांश. लग्नानंतर दोन महिन्यांत, ती गरोदर असतानाच, नवरा बोटीवर गेला. हौसाबाईला वाचता येत नव्हतं, पत्रं धाकटा दीर दाजी वाचून दाखवी. आपल्या आजारी आईजवळ घरी कोणीतरी हवं, म्हणून 'तू मुंबईला ये' हा मजकूर तो गाळी, आणि उत्तरात 'ती येत नाही म्हणते' असं लिही. दोन वर्षांनी नवरा गोदीत अपघातात गेला. पुढे पंचवीसेक वर्षांनी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकल्यावर तिने ती पत्रं स्वतः वाचली.

सत्यवान उठून उभा राहिला. "दाजीकाकांनी मला वाढवलं. त्यांचा नातू भिंतीपलीकडे राहतो. हे कोण कोण वाचणार?"

"सारांश सगळ्यांसाठी खुला असतो."

"मग पुसून टाका. रेकॉर्डिंगसुद्धा."

"ते फक्त आजी ठरवू शकतात."

दोघं तिच्याकडे बघत राहिली. हौसाबाईने पदर घट्ट ओढून घेतला. याच माणसांत जेवायचं, याच माणसांत मरायचं, तिच्या मनात आलं.

"काढ गो," ती म्हणाली.

किशोरीने सारांशातली वाक्यं खोडली, वर मिनिटांपुढची पत्रांची ओळही खोडली. मग 'पत्रव्यवहार' हा शब्दही खोडला. तो राहिला असता तर शोधणारा थेट तिथेच पोचला असता. कागदावर भात आणि काथ्या उरला.

"आवाजातलापण जातला?" हौसाबाईने हळूच विचारलं.

"नाही, आजी. तेवढा भाग बंद ठेवता येतो. मूळ आवाज तसाच राहतो, ऐकायच्या प्रतीतून नऊ मिनिटं वगळतात. नोंदीत एवढंच येतं की बोलणारीच्या इच्छेने बंद. किती काळ, ते तुम्ही सांगायचं."

"आई, कायमचं सांग," सत्यवान म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "मी जित्ती आसंय तवसर बंद ठेव," ती किशोरीला म्हणाली. "मेल्यार उघड."

किशोरीने तसंच लिहिलं आणि कागद सहीसाठी पुढे केला. हौसाबाईने सावकाश आपलं नाव लिहिलं.

दुपारी सत्यवान तिच्याकडे न बघता जेवत होता. हौसाबाई त्याला वाढत राहिली. भिंतीपलीकडे दाजीच्या घरातला टीव्ही चालू होता.