पेन्सिलीच्या टिका

इंटर सायन्सला मी फिजिक्समध्ये नापास झाले. बाकी सगळे विषय निघाले, हा एक तेवढा राहिला. पुरवणी परीक्षेला सहा आठवडे होते. बाबांनी आरडाओरडा केला नाही, ते त्यांच्या स्वभावातच नव्हतं. जेवताना एवढंच म्हणाले, "यातही राहिलं तर नागपूरला आत्याकडे जायचं. ती स्थळं पाहून राहिली आहे." आणि ताक मागितलं. मला बी.एस्सी. करायचं होतं. पुढचं वाढप मी केलंच नाही, उठून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. उन्हाने तापलेल्या जमिनीचे पायांना चटके बसत होते, तरी.

बाबा केंद्र सरकारच्या कचेरीत होते आणि बदलीवर आम्ही जयपूरला आलो होतो. वसाहतीत मराठी घरं मोजून चार. मला आधीपासूनच एका जागी बसणं जमत नाही, त्यात जूनची लू, अंगाला भाजणारा वारा. दुपारी दारं-खिडक्या बंद, वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायचं, आणि अंधारात पुस्तक उघडून मी दर पाच मिनिटांनी उठायची. आई म्हणायची, "अगं, काय करून राहिली? बस की जरा."

बसून करायचं काय, हाच प्रश्न होता. माझ्याकडे मागच्या सात वर्षांचे पेपर होते. आमच्या कॉलेजातल्या एका हुशार मुलीने ते जमवून ठेवले होते आणि गेल्या वर्षी कॉलेज सोडून जाताना मला दिले. काही प्रश्नांपुढे पेन्सिलीने टिका केलेल्या होत्या. हुशार मुलीच्या टिका म्हणजे महत्त्वाचे प्रश्न, असं मी गृहीत धरलं आणि वर्षभर तेवढेच पाहिले. आता फक्त त्यांची उत्तरं हवी होती. आमच्यात अभ्यास म्हणजे हेच होतं: पेपर मिळवायचे, मग उत्तरं मिळवायची, मग घोकायची.

उत्तरांसाठी मी 'चौडा रास्ता' या बाजारपेठेच्या इतक्या खेपा घातल्या की टांगेवाले ओळखायला लागले. जुन्या शहराच्या तटबंदीतल्या त्या पुस्तकांच्या दुकानांत कुठे तीन वर्षांची उत्तरं, कुठे दोन. एका वर्षाची तर कुठेच नव्हती. तेवढ्यासाठी माझा जीव वरखाली. दुकानदार म्हणाला, "बेटी, जवाबवाली तो बिक गई. मंगल को आना." मंगळवारी गेले, तर शुक्रवारी या म्हणाला. अशात अडीच आठवडे गेले. वही भरत होती आणि डोक्यात काही राहत नव्हतं, हे मला कळत होतं. म्हणूनच मी आणखी पळत होते.

शेजारी एक मराठी डॉक्टरबाई राहायच्या. बायकांच्या इस्पितळात नोकरी, एकट्या, बोलणं तिखट. एका संध्याकाळी मी धुळीने माखून फाटकातून आत येत होते. त्यांनी विचारलं, "काय गं, रोज कुठे भटकतेस?" मी सांगितलं. वाटलं, कीव करतील.

"पेपर घेऊन ये. उत्तरं नकोत," त्या म्हणाल्या.

त्यांनी सातही पेपर व्हरांड्यात जमिनीवर ओळीने मांडायला लावले आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकावर औषधाची रिकामी बाटली ठेवली. पहिल्याच पेपरावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "या टिका कसल्या?"

"महत्त्वाचे प्रश्न आहेत ते."

"कोणी ठरवलं?"

त्यांनी टिका मोजल्या. पहिल्या पेपरात पाच, दुसऱ्यात पाच, सातव्यातही पाच. पेपरात दहापैकी पाचच प्रश्न सोडवायचे असतात. "अगं, हे तिने सोडवलेले प्रश्न आहेत," त्या म्हणाल्या. "घरी बसून सराव केला असेल. तिला जे सोपं वाटलं, त्यावर टीक. पेपर काढणाऱ्याच्या मनात काय आहे, ते यात कुठे आहे?"

मला इतका राग आला की सगळे कागद फाडून टाकावेसे वाटले. वर्षभर मी दुसऱ्या मुलीची आवडनिवड पाठ करत होते.

मग त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखायला लावला. वर सात वर्षं, डावीकडे धडे. प्रश्नाचे शब्द पाहायचे नाहीत, तो कुठल्या धड्यातला आहे ते पाहायचं आणि त्या घरात फुली मारायची. सोबत एक अक्षर लिहायचं: सिद्धता, प्रयोग की गणित. मी म्हणत होते, एकही प्रश्न पुन्हा आलेला नाही. शब्द सारखे नव्हतेच. पण फुल्या मारत गेले तशा त्या काही धड्यांसमोर ओळीने पडत गेल्या. भिंगं सातही वर्षं. ध्वनीचा वेग सहा वर्षं. उष्णतेचं वहन पाच वर्षं. एकदा व्याख्या आणि प्रयोग, एकदा सळईचं गणित, एकदा दोन थरांच्या भिंतीचं. आणि या वहनावर त्या मुलीची एकही टीक नव्हती. म्हणून मीही तो धडा कधी उघडला नव्हता.

"पाच वेळा आलं म्हणजे यंदा येईलच असं नाही," डॉक्टरबाईंनी बजावलं. "आधी कशाला हात घालायचा, एवढंच यातून कळतं. आठ धडे निवड. प्रत्येकाला दोन दिवस, पुस्तकातून, समजून. मग पुस्तक मिटून घड्याळ लावून लिही. शेवटचा आठवडा उजळणी आणि उरलेले धडे. आणि बाजार बंद."

बाजार बंद होणं मला सगळ्यात जड गेलं. पाय शिवशिवायचे. वहनाचा धडा पहिल्या दिवशी अजिबात कळला नाही, दुसऱ्या दिवशी निम्मा कळला. मी खोलीत येरझाऱ्या घालत मोठ्याने स्वतःला समजावून सांगायची. मध्येच धुळीची आंधी यायची, वहीवर वाळू साचायची, ती झटकून पुन्हा लिहायची. शुक्रवार आला तेव्हा दुकानात ते हरवलेलं वर्ष आलं असेल का, हा विचार दिवसभर छळत होता. गेले नाही. पण शांत होते असं म्हणणार नाही.

परीक्षेच्या दिवशी पेपर हातात पडला. भिंगं होती, ध्वनी होता. मग वहनाचा प्रश्न वाचला. थंड प्रदेशातल्या तळ्यावर बर्फ साचत आहे, त्याची जाडी वेळेबरोबर कशी वाढेल ते सिद्ध करा. सात वर्षांत हे कुठेच नव्हतं. कुठल्याही दुकानातल्या उत्तरांत नसणार. बाहेर अंगाची लाही होत होती आणि मी तळ्यावरच्या बर्फाचा विचार करत होते. पहिली दहा मिनिटं नुसती पेनच्या टोपणाची काढघाल केली.

मग सुचलं. पाणी गोठताना उष्णता सोडतं, ती बर्फातूनच वर जाणार. बर्फ जितका जाड, तितकी ती सावकाश जाणार. म्हणजे ही तीच सळई, फक्त तिची लांबी वाढत जाते. समीकरण मांडलं, सोडवलं, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो हे आलं. ते कोणाच्या वहीतलं नव्हतं. मला भयंकर आनंद झाला होता.

निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात नंबर छापून येणार होते. आमच्याकडे सकाळी पेपर आलाच नाही. डॉक्टरबाई इस्पितळात गेलेल्या. मी फाटक ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या घालत होते आणि आई मला रागावणंसुद्धा विसरली होती.

बाबा भर दुपारी सायकलवरून घरी आले. कचेरीच्या वेळात ते कधीच घरी येत नसत. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, खिशातून चौपदरी घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. मी उघडला. बी.एस्सी.च्या प्रवेशाचा फॉर्म होता. कचेरीतल्या पेपरात नंबर पाहून, वाट वाकडी करून ते कॉलेजात जाऊन आले होते.

"मी सही करून दिली आहे," ते म्हणाले. "बाकीचं तू भर."