नमुन्याचा दुसरा भाग

आमच्या पाणी तपासणाऱ्या छोट्या प्रयोगशाळेच्या मालकांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नाही. शिकाऊ मुलं तयार करण्याच्या पद्धतीमुळे हे नाव पडलं. नमुन्याचे दोन भाग करायचे. एक मुलाने तपासायचा, दुसरा मास्तरांनी. आकडे जुळेपर्यंत मुलाची सुटका नाही. मी तिथे हिशेब पाहतो, त्यामुळे हे अनेक वर्षं बघत आलो.

शुक्रवारी माझी भाची आली. ठरलेल्या कंपनीने आयत्या वेळी इंटर्नशिप रद्द केली होती. सोमवारी कॉलेजात दुसऱ्या कंपनीचं पत्र दिलं नाही, तर तिचं सत्र वाया जाणार होतं. बहिणीने मला फोनवर बजावलं होतं, की दादा, एवढं तरी करून दे.

मास्तरांनी तिला बसवलं, चहा मागवला आणि सरळ सांगितलं, "नाही जमणार, बाळ. तुला शिकवायला इथे कोणी नाही."

बाकीचे सोडून गेल्यावर उरलेली एकच केमिस्ट दिवसभर नमुने गोळा करत फिरायची आणि संध्याकाळी तपासायला बसायची. भाची म्हणाली, मी कोपऱ्यात बसून बघेन, कोणाला त्रास देणार नाही. मीही मध्ये तोंड घातलं, नुसतं पत्र देऊन टाका म्हणालो.

"पत्रात 'माझ्या मार्गदर्शनाखाली' असं लिहावं लागतं," मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले.

मग ते उठले. एका नमुन्याचे दोन भाग केले, एक तिच्यापुढे ठेवला, दुसरा स्वतः घेतला. पाण्याचा जडपणा मोजायचा होता. उभ्या काचनळीतून थेंब थेंब द्रव सोडायचा आणि रंगद्रव्य घालून लाल केलेलं पाणी निळं होताच थांबायचं. तिने नीट केलं. मास्तरांच्या हाताला वर्षभरापासून कंप आहे. पाणी निळं झालं तरी त्यांना तोटी बंद करता येईना. द्रव गळतच राहिला. तिने पुढे होऊन तोटी फिरवली.

"राहू द्या, काका," ती हळूच म्हणाली.

त्यांनी दोन ओळखीच्या प्रयोगशाळांना फोन केले. एकीने पुढच्या महिन्यात या म्हटलं, दुसरीकडे जागाच नव्हती. मुदत वाढवून देण्याची विनंती करणारा मेल त्यांनी तिच्या प्राध्यापकांना माझ्याकडून टाइप करून घेऊन पाठवला. सोमवारी उत्तर आलं, नियमात बसत नाही.

भाचीचं सत्र गेलं. बहिणीने माझ्याशी बोलणं टाकलं. "परक्यांची पोरं तिथे शिकली, घरचीच तेवढी जड झाली," हे तिचं शेवटचं वाक्य. भाचीने आईला त्या हाताबद्दल सांगितलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

मास्तर आता अहवालावर सही करण्यापुरते येतात. काचनळीला हात लावत नाहीत. परवा एका मुलाचा इंटर्नशिपसाठी फोन आला. काय सांगून नकार द्यायचा, हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला ते पाठ झालं होतं.