मातकट विहिरी

ऐंशीचं दशक सरता सरता नागपूरच्या आमच्या पाणी तपासणीच्या कचेरीत रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर आला आणि साहेबांना रंगांचं वेड लागलं. नकाशात चांगल्या पाण्याच्या विहिरी हिरव्या, खराब पाण्याच्या लाल. खोलीत अंधार करायचा, पडद्यासमोर कॅमेरा रोवून फोटो काढायचा, की झाली स्लाइड.

त्या विहिरींचं पाणी हिंडून तपासलं होतं कचेरीतल्याच माझ्या कुही गावच्या मित्राने. मौद्याच्या सभेत स्लाइडी दाखवून गावकऱ्यांपुढे बोलणारही तोच. पण तालमीत त्याने दोन खराब विहिरी चांगल्या म्हणून दाखवल्या. लाल आणि हिरवं त्याला जन्मापासून सारखंच मातकट दिसे. साहेबांनी तिथेच जाहीर केलं, स्लाइडी आता दुसरा कोणी दाखवेल.

माझं डोकं फिरलं. मित्राला नकाशा कसा दिसतो ते दाखवायला मी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला. नकाशातल्या प्रत्येक रंगात लाल, हिरवा, निळा किती ते घ्यायचं, त्यावरून डोळ्यातल्या तीन तऱ्हेच्या पेशींना तो किती जाणवेल ते काढायचं. मित्राच्या डोळ्यात जी पेशी कामाची नव्हती, तिचा आकडा उरलेल्या दोघींवरून बसवायचा आणि उलट हिशेबाने त्या आकड्यांचा पुन्हा रंग करायचा. नकाशा तोच राहतो, रंग तेवढे बदलतात.

साहेबांसमोर बटण दाबलं. सगळ्या विहिरी खाकी. साहेब म्हणाले, प्रोग्राम चुकलाय. त्याला असंच दिसतं हे कशावरून?

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. मित्राला पडद्यासमोर बसवलं, अख्खी कचेरी मागे उभी केली. बटण दाबलं की नकाशा खाकी, पुन्हा दाबलं की लाल-हिरवा. दर वेळी मागे कुजबुज उठे. रंग बदलला की सांग, एवढंच मित्राला सांगितलं होतं. तो बराच वेळ टक लावून बसला आणि मग वैतागून वळला.

"दाबून राहिला का नुसताच बसून राहिला गा? काहीच तं बदललं नाही."

कचेरी खो खो हसली. तोही हसला, पण साहेबांकडे बघून.

मी खराब विहिरींना नारिंगी त्रिकोण केले, चांगल्यांना निळे गोल, आणि पुन्हा प्रोग्राममधून काढले. नारिंगीचा पिवळट झाला, निळा निळाच राहिला. आकार तर वेगळे होतेच. साहेब अडून बसले. वरून लाल-हिरवंच ठरलंय म्हणे.

"मग मौद्याला ती खाकी नकाशाची स्लाइड लावतो, साहेब," मी म्हणालो. "खराब विहिरी तुम्ही दाखवा. तुमच्या लाल-हिरव्याचा फोटो मी काढणार नाही."

साहेब उठले. त्यांनीच खिडकीचा पडदा ओढून खोलीत अंधार केला. मी त्रिकोणांचा फोटो काढला.

मौद्याला साहेब पहिल्या रांगेत होते. मित्राने काठी थेट नारिंगी त्रिकोणावर टेकवली.

"हे विहीर खराब हाय," तो म्हणाला. "इथलं पाणी लेकरायले पाजू नका."